काळं रेडकू आणि पांढरी भोकं

अदृश्य डिक्रीज म्हणे! क्रोशात दोन टाक्यांचा एक करायचा, तोही दिसू न देता. ज्याने कुणी हे नाव ठेवलं त्याच्या हातात एकदा काळीकुट्ट लोकर आणि पांढराशुभ्र कापूस द्यायला पाहिजे. वर आषाढातला बेळगावचा पाऊस, करंट गेलेला, आणि बॅटरी दातात धरून विण म्हणावं. मग बघू किती अदृश्य होतंय ते.

झालं असं की भावाच्या पोराला वाढदिवसाला खेळणं पाहिजे होतं. राहतात खानापूरकडं, दारात म्हशी. त्यामुळं पोराला ससा नको, अस्वल नको. "आत्या, रेडकू." बरं बाबा, रेडकू. खडेबाजारातून काळी लोकर आणली, चार नंबरची क्रोशाची सुई आणली, कापसाची पिशवी आणली. पॅटर्न फोनवर होताच. त्यावर वरतीच ठळक अक्षरात सूचना: सगळे डिक्रीज अदृश्य करा, फ्रंट लूप ओन्ली, म्हणजे भोकं दिसणार नाहीत. ही एक ओळ. हिच्यापायी माझे पंधरा दिवस गेले.

डोकं म्हणजे साधा चेंडू. मॅजिक रिंगमध्ये, म्हणजे ओढून आवळता येणाऱ्या दोऱ्याच्या वेढ्यात, ६ मुके खांब, म्हणजे साधे आखूड टाके, मग दर फेरीला ६ वाढवत ३६ पर्यंत जायचं, त्यावर ६ फेऱ्या सरळ, आणि मग जसे वाढवले तसेच कमी करत यायचं: ३०, २४, १८, १२, ६. वाढवताना काही त्रास नाही. रामायण सगळं उतारावर.

पहिलं डोकं मी सवयीनं केलं. लहानपणापासून रुमालाच्या कडा विणतेय, टाके कमी कसे करायचे ते मला कुणी शिकवायला नको, असा माझा तोरा. पहिल्या टाक्यात सुई घाल, दोरा ओढ. दुसऱ्यात घाल, दोरा ओढ. सुईवर तीन लूप झाले की तिन्हीतून एकदम बाहेर काढ. रुमालाला हे चालतं. रुमालात कापूस कोंबायचा नसतो! इथं कापूस भरल्याबरोबर प्रत्येक डिक्रीजच्या बगलेला एक फट उघडली. दोन टाके चारही धाग्यांसकट एकत्र आवळले की तिथं गाठीसारखा जाड गोळा होतो आणि शेजारचा टाका त्याच्यापासून लांब राहतो. फेरीला सहा डिक्रीज, पाच फेऱ्या, म्हणजे तीस. वर ते सगळे एकाखाली एक. कानामागून हनुवटीपर्यंत पांढऱ्या ठिपक्यांच्या सहा रांगा. सासूबाई चष्मा वर करून म्हणाल्या, "हे काय करालीस गं? चित्ता काय?"

मग मी ती सूचना नीट वाचली. फ्रंट लूप ओन्ली. टाक्याच्या डोक्यावर इंग्रजी व्हीसारखे दोन धागे आडवे पडलेले असतात. आपल्याकडचा तो फ्रंट लूप, पलीकडचा तो बॅक लूप. एवढं मला माहीत आहे. म्हणून उतार सुरू झाल्यापासून मी सगळेच टाके फक्त पुढच्या धाग्यात घातले. सगळेच! कारण सूचनेत कुठं लिहिलंय की फक्त डिक्रीजच्या दोन टाक्यांपुरतं? जो लिहितो त्याला ते इतकं पाठ असतं की सांगावंसं वाटतच नाही, आणि जो पहिल्यांदा वाचतो त्यानं काय स्वप्नात बघायचं?

दुसरं डोकं म्हणजे भाजीची जाळीची पिशवी. एकेका धाग्यावर सगळी फेरी तोलली की प्रत्येक टाका लांबतो, सैल पडतो, आणि फेरी-फेरीमधून कापूस डोकावतो. आधी निदान तीसच भोकं होती, आता मोजायची सोय नाही. उसवायला गेले तर काळ्या लोकरीचे केस एकमेकांत अडकलेले, टाका कुठं सुरू होतो ते दिसेना. शेवटी कात्री घेतली. कात्री घेताना मी जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

व्हिडिओ बघितले. त्यांचंही सांगते. लोकर असते फिकट गुलाबी, नखं रंगवलेली, मागं बासरी चालू, आणि नेमकं सुई दुसऱ्या लूपमध्ये शिरताना अंगठा आडवा येतो. दरवेळी! अंगठा बाजूला झाला की डिक्रीज झालेला. "आणि बघा, झालं." काय झालं? कुठून झालं? सात वेळा मागं घेऊन, हळू करून बघितल्यावर कळलं ते इथं सांगून टाकते. दुसऱ्या कुणाला अंगठ्याकडं बघत बसायला नको.

आधीचे चार मुके खांब नेहमीसारखे, दोन्ही धाग्यांखालून. मग पाचव्या टाक्याच्या फक्त पुढच्या धाग्यात सुई खालून वर घालायची, आणि थांबायचं. दोरा घ्यायचा नाही, ओढायचा नाही. सवयीचा हात इथंच चुकतो. तशीच सुई थोडी खाली वाकवून सहाव्या टाक्याच्या पुढच्या धाग्यात घालायची. आता सुईवर तीन लूप: एक आपला चालू, दोन हे पुढचे धागे. आता दोरा घेऊन त्या दोन धाग्यांतून बाहेर काढायचा. सुईवर दोन लूप उरतात. परत दोरा घेऊन दोन्हीतून काढला की संपलं. असं सहा वेळा, ३६ चे ३०. पुढच्या फेरीत या डिक्रीजवर येणारा टाका परत दोन्ही धाग्यांखालून, साधा. यात गंमत एवढीच की दोन टाक्यांचे फक्त बाहेरच्या अंगाचे धागे एकत्र येतात, मागचे दोन आत पडून राहतात. जाड गोळा होत नाही आणि बाहेरून तो एकच मुका खांब वाटतो, जरासा गुटगुटीत.

हे सगळं मी तिसऱ्या डोक्यावर अगदी असंच्या असं केलं. एकूण एक डिक्रीज. वाती वळाव्यात तसा कापूस थोडा थोडा भरला, ६ टाक्यांवर आणून बंद केलं, आणि उजेडात धरलं. भोकं! आधीपेक्षा लहान, पण होतीच. शिवाय प्रत्येक डिक्रीजपाशी दोन बारीक आडव्या रेघा, जखमेला टाके घातल्यासारख्या. त्या दिवशी मी ते डोकं भिंतीवर मारलं. कापसाचं असल्यामुळं भिंतीला काही झालं नाही, मला मात्र जरा बरं वाटलं.

शेजारच्या अक्का तोरणं-रुमाल विणून विकतात. त्यांनी ते उचललं, एकदा फिरवलं आणि विचारलं, "उलटं का भरलीस?"

उलटं! विणताना जी बाजू आपल्यासमोर असते ती सुलटी, तिच्यावर टाक्यांचे व्ही नीट दिसतात. मागची ती उलटी, तिच्यावर व्हींच्या मध्ये आडव्या रेघा असतात. पण गोल वाढत गेला की वाटी वळते ती बऱ्याचदा चुकीच्या अंगाला. समोरची बाजू वाटीच्या आत जाते आणि उलटी बाहेर. मोजा उलटा करावा तशी ती वेळेवर उलटवून घ्यायची असते. सरळ फेऱ्या सुरू झाल्या की लगेच, कापूस भरायच्या कितीतरी आधी. ओळखायची खूणही अक्कांनी दाखवली: वाटीचं तोंड वर धरल्यावर सुई बाहेरून आत जात असेल तर बरोबर, आतून बाहेर येत असेल तर वाटी उलटी आहे.

म्हणजे माझे पुढचे धागे खरोखरच पुढचे होते. एकही टाका चुकला नव्हता. फक्त ते सगळे सुबक डिक्रीज मी आत कापसाला दाखवायला ठेवले होते, आणि जगाला दिसत होते ते राहून गेलेले मागचे धागे. भरण्याआधी नुसतं उलटवलं असतं तर डोकं वाचलं असतं. हे एक वाक्य त्या पॅटर्नमध्ये घालायला काय पैसे पडत होते? "पुढचा" म्हणजे कुणाच्या पुढचा, हे तरी सांगा!

आणि ती चार नंबरची सुई. दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, "अक्का, लोकरीवर चारच लिहिलंय की." लिहिलंय, खरं आहे. पण ते स्वेटरसाठी, मऊ पडावं म्हणून. भरायच्या खेळण्याला त्याच लोकरीवर अडीचची सुई लागते, टाके इतके घट्ट की बोटं दुखतात आणि पुढच्या धाग्यात सुईचं नाक शिरवताना जीव जातो. चारच्या सुईनं देवानं जरी डिक्रीज केला तरी नुसत्या साध्या टाक्यांमधून कापूस दिसणार.

चौथं डोकं अडीचच्या सुईनं, वाटी उलटवून, दिवसाउजेडी खिडकीत बसून केलं. दर दुसऱ्या फेरीत डिक्रीज दोन टाके आधी सरकवला, म्हणजे ते एकाखाली एक येऊन कोपरे पडू नयेत. कापूस १८ टाक्यांवर असताना भरला आणि हात आवरता घेतला. चेंडूसारखं टणक भरलं की चांगल्यातला चांगला डिक्रीजसुद्धा ताणून उघडतो. शेवटच्या ६ टाक्यांच्याही फक्त पुढच्या धाग्यांतून जाड सुईनं दोरा ओवला आणि आवळला. तोंड मिटलं. काळं, गुळगुळीत, एक पांढरा ठिपका नाही.

सासूबाईंनी हातात घेऊन दाबलं, फिरवलं, आणि म्हणाल्या, "बरं झालंय की. मला वाटलेलं, गोकाकचं लाकडी खेळणं आणून देशील आता. अंग कधी करालीस?"

अंग. अंगाला ४८ टाके आहेत. म्हणजे उताराच्या सात फेऱ्या आणि बेचाळीस डिक्रीज, सगळे काळे. वाढदिवस सोमवारी. आणि काल पॅटर्न परत उघडला तेव्हा दिसलं, नावाच्या खालीच बारीक अक्षरात लिहिलंय: नवशिक्यांसाठी, एका दुपारचं काम.