बावीस पैशांचा रुपया

‘आमच्या निधी-डिनरला साडेसात लाख जमले, केटररचं बिल फक्त १ लाख ६५ हजार. रुपया उभा करायला २२ पैसे! पुढच्या वर्षी टेबलं वाढवा, खर्च आणखी खाली येईल.’

हा मेसेज तीन ग्रुपांवरून माझ्याकडे आला. आमच्या छोट्या संस्थेच्या अशाच डिनरचा, याच आकड्यांचा हिशेब मी लिहिलाय. आकडे गोल करून सांगते.

आधी खर्च. केटररला १५० ताटांची हमी दिली होती, ताट ११०० रुपयांना. तेच १ लाख ६५ हजार. पण हॉल ६०,०००, ध्वनी-सजावट ४५,०००, पत्रिका १५,००० हेही गेलेच. शिवाय दोन कार्यकर्त्या सहा आठवडे फोन करत होत्या. त्यांचा तेवढा पगार ७०,०००, तो ‘पगार’ या खात्यात पडला आणि डिनरच्या कागदावरून गायब झाला. खरा खर्च ३ लाख ५५ हजार.

आता जमा. २५०० रुपयांची १०० तिकिटं, म्हणजे अडीच लाख. प्रायोजकांचे दोन लाख. उरलेले तीन लाख म्हणजे माइकवर जाहीर झालेल्या देणग्या! टाळ्या पूर्ण रकमेला पडल्या, सहा महिन्यांत हाती आले १ लाख ८० हजार. जमा झाली ६ लाख ३० हजार आणि भाव ५६ पैसे. त्यातही एक प्रायोजक दरवर्षी न जेवता लाखाचा धनादेश पाठवतो. ते पैसे डिनरने आणले नाहीत. ते वजा केले की भाव ६७ पैशांवर जातो.

टेबलांचं गणित तर मुळातच उलटं आहे. हॉलचं भाडं जास्त माणसांत वाटलं जातं, हे खरं; ताटाचं तसं होत नाही. २५०० च्या तिकिटातले ११०० ताटातच जातात, म्हणजे तिकिटाचा रुपया ४४ पैशांच्या खाली कधीच येणार नाही, हॉल फुकट मिळाला तरी. (म्हणूनच पूर्ण २५०० ची करसवलतीची देणगी-पावती देऊ नये, पाहुण्याने त्या बदल्यात जेवण घेतलेलं असतं.)

शिवाय १५० ताटांपैकी ५० ताटं प्रायोजकांची माणसं, वक्ते आणि स्वयंसेवकांची होती. त्यांचे ५५,००० आणि हॉलपासून पगारापर्यंतचे १ लाख ९० हजार मिळून २ लाख ४५ हजार झाले. दर तिकिटामागे उरतात १४००. नुसत्या तिकिटांवर बरोबरीत यायला १७५ तिकिटं विकावी लागली असती, आणि विकायला ताटं होती फक्त १००.

तेव्हापासून आमच्याकडे क्रम बदललाय. आधी नव्या प्रायोजकांचे धनादेश वटतात, मगच हॉलची आगाऊ रक्कम भरतो.