मॉन्टू पॉझिटिव्ह आली म्हणून पोरीचं ताट वेगळं करू नका

"मॉन्टू टेस्ट पॉझिटिव्ह म्हणजे टीबी झालाच समजा. चट्टा जेवढा मोठा तेवढा आजार जास्त. पेशंटचं ताट-वाटी वेगळं करा, मुलाला शाळेत पाठवू नका, टीबीच्या गोळ्या ताबडतोब सुरू करा. टेस्ट निगेटिव्ह आली तर निर्धास्त राहा."

हा फॉरवर्ड माझ्या मामेबहिणीपर्यंत पोचला आणि तिने तो तंतोतंत पाळला. तिच्या सासऱ्यांना फुफ्फुसाचा टीबी निघाला, म्हणून घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली. सात वर्षांच्या लेकीची मॉन्टू पॉझिटिव्ह आली. लगेच पोरीची शाळा बंद, ताट वेगळं, आणि "आजोबांना आणखी त्रास नको" म्हणून त्यांच्या खोलीत जायलाही बंदी. अहो, जंतू आजोबांकडून नातीकडे आलाय! खोकल्यातून हवेत जंतू सोडत होते ते आजोबा. नात तर खोकतही नव्हती.

ही टेस्ट जंतू शोधतच नाही. हाताच्या आतल्या बाजूला, कातडीच्या थरातच, टीबीच्या जंतूंच्या प्रथिनांचा 0.1 मिली द्राव टोचतात. शरीराची या जंतूशी आधी कधी गाठ पडली असेल, तर तिथे पेशी जमा होऊन कातडी टणक होते. एवढंच कळतं. जंतू आत निपचित पडून आहेत की फुफ्फुस पोखरताहेत, हे त्या गाठीवरून कळत नाही. निपचित असतील तर तो सुप्त संसर्ग. त्यात माणसाला ताप नाही, खोकला नाही, एक्स-रे स्वच्छ, आणि त्याच्यापासून कुणालाही लागण होत नाही. ताटवाटीतून तर सक्रिय टीबीही पसरत नाही.

पॉझिटिव्ह म्हणजे टीबीच, असं धरलं तर काय होईल बघा. 2019 ते 2021 मध्ये देशभर झालेल्या राष्ट्रीय टीबी सर्वेक्षणात 15 वर्षांवरच्या सुमारे 31 टक्के लोकांमध्ये संसर्ग आढळला (तिथे रक्ताची चाचणी वापरली होती, पण तीही जंतूशी झालेली ओळखच तपासते). त्याच सर्वेक्षणात, त्याच वयोगटात, फुफ्फुसाचा टीबी प्रत्यक्ष सिद्ध झालेले निघाले लाखात 316. म्हणजे संसर्ग साधारण शंभर जणांत असला, तर त्या घडीला आजारी एखादाच. ज्यांना संसर्ग होतो त्यांपैकी आयुष्यभरात साधारण 5 ते 10 टक्क्यांनाच आजार होतो, आणि त्यातलाही बराचसा धोका पहिल्या दोन वर्षांतला.

चट्ट्याचं म्हणाल, तर लाली मोजायचीच नसते. मामेबहिणीने पाठवलेल्या फोटोत लाल भाग चांगला रुपयाच्या नाण्याएवढा दिसत होता. दवाखान्यात मात्र 48 ते 72 तासांच्या आत बोटाने चाचपून टणक भाग शोधतात, बॉलपेन बाहेरून आत सरकवत नेतात, जिथे ते अडतं तिथे खूण करतात आणि हाताच्या आडव्या दिशेने अंतर मोजतात. पोरीचं आलं 14 मिमी. सहसा 10 मिमीपासून पॉझिटिव्ह धरतात. एचआयव्ही असेल तर 5 पासूनच. 14 चं 24 झालं म्हणून आजार दुप्पट होत नाही. बीसीजीमुळेही थोडी गाठ येऊ शकते, पण जन्मतः दिलेल्या लशीचा हा परिणाम वर्षागणिक ओसरतो.

आता गोळ्यांचं. इथे फॉरवर्डमध्ये अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. घरात टीबीचा रुग्ण असताना मूल पॉझिटिव्ह आलं, तर हातावर हात धरून बसायचं नाही. पण आधी सक्रिय टीबी नाही याची खात्री करायची: खोकला, ताप, वजन घटणं किंवा न वाढणं, मानेत गाठी, एक्स-रे. पोरीचं हे सगळं ठीक निघालं, म्हणून तिला प्रतिबंधक उपचार. त्यात सहा महिने रोज आयसोनियाझिड, नाहीतर त्यासोबत रिफापेंटिन घेऊन आठवड्याला एक असे 12 डोस. सक्रिय आजाराला पहिले दोन महिने चार औषधं लागतात. आजार असताना नुसतं आयसोनियाझिड दिलं तर त्या औषधाला दाद न देणारे जंतू उरतात आणि वाढतात. म्हणून "ताबडतोब सुरू करा" हे वाक्य घातक आहे. कोर्स संपल्यावर "गेलं का बघू" म्हणून पुन्हा मॉन्टू करण्यातही अर्थ नाही. ती बहुधा पॉझिटिव्हच राहते.

आणि निगेटिव्ह म्हणजे निर्धास्त? कुपोषण, एचआयव्ही, नुकताच झालेला गोवर, अगदी अंगभर पसरलेला टीबी असतानाही कातडी गप्प राहू शकते. लागण होऊन आठ आठवडे उलटले नसतील तरीही. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर हाताकडे बघत बसू नका. सरकारी दवाखान्यात बेडका द्या. सीबीनॅट किंवा ट्रूनॅटवर टीबीचा जंतूच शोधतात, आणि ती तपासणी फुकट होते.