आरएफएमचे पाच समान भाग नेमके काय लपवतात

“आरएफएम म्हणजे दहा ओळींचे काम. प्रत्येक ग्राहकाची शेवटची खरेदी किती दिवसांपूर्वीची म्हणजे रीसेन्सी, खरेद्या किती म्हणजे फ्रिक्वेन्सी आणि एकूण रक्कम किती म्हणजे मॉनेटरी ते काढा, पांडासच्या `qcut` ने प्रत्येकाचे पाच समान भाग करून १ ते ५ स्कोअर द्या, रीसेन्सीत जितके दिवस कमी तितका स्कोअर जास्त. फ्रिक्वेन्सीला एरर आली तर `rank(method='first')` लावा, चालून जाते. क्वांटाइल असल्यामुळे आउटलायरची चिंता नाही. तिन्ही स्कोअरची बेरीज करा आणि दर महिन्याला हाच कोड चालवा. कोण निष्ठावान आणि कोण सुटत चालला आहे ते आपोआप कळेल.”

या सल्ल्याची पारख करायला यूसीआय या अमेरिकी विद्यापीठाच्या संग्रहातील `Online Retail` हा डेटासेट सर्वांत सोयीचा आहे, कारण आरएफएम शिकवताना तोच वारंवार वापरला जातो आणि कोणालाही तो उतरवून घेता येतो. ब्रिटनमधील एका ऑनलाइन भेटवस्तू विक्रेत्याचे १ डिसेंबर २०१० ते ९ डिसेंबर २०११ या काळातील व्यवहार त्यात आहेत, एकूण ५,४१,९०९ ओळी. ग्राहक क्रमांक नसलेल्या ओळी, रद्द केलेली इन्व्हॉइसे आणि शून्य किमतीच्या नोंदी काढून टाकल्या की ४,३३८ ग्राहक उरतात. पुढचे आकडे या ४,३३८ ग्राहकांचे आहेत.

सर्वांत आधी त्या “चालून जाणाऱ्या” एररकडे पाहू, कारण माझ्या मते संपूर्ण सल्ल्यातील सर्वांत घातक वाक्य तेच आहे. या ग्राहकांपैकी १,४९३ जणांच्या नावावर वर्षभरात एकच इन्व्हॉइस आहे. पाच समान भाग पाडायचे तर एका भागात साधारण ८६८ ग्राहक बसतात. म्हणजे सर्वांत लहान मूल्य आणि पहिल्या पंचमांशाची सीमा दोन्ही १ येतात, आणि `qcut` सीमा वेगवेगळ्या नाहीत अशी तक्रार करून थांबते. ही तक्रार रास्त आहे. एकदाच खरेदी करणाऱ्यांचा गट एका भागात मावत नाही, ही माहिती डेटा आपल्याला देत असतो.

`rank(method='first')` ही माहिती पुसून टाकते. समान मूल्यांना ती टेबलात जी ओळ आधी आली तिला आधीचा क्रमांक देते. आरएफएमचे टेबल `groupby` ने तयार केलेले असले, तर ओळी ग्राहक क्रमांकाच्या चढत्या क्रमाने लागलेल्या असतात. परिणामी एकदाच खरेदी केलेल्या १,४९३ जणांपैकी लहान क्रमांकाच्या ८६८ जणांना फ्रिक्वेन्सीचा स्कोअर १ मिळतो आणि उरलेल्या ६२५ जणांना २ मिळतो. दोघांच्या खरेद्यांच्या संख्येत काडीचाही फरक नसतो. फरक असतो तो फक्त खाते क्रमांकाचा. पुढे “स्कोअर १ असलेल्यांना सवलतीचे कूपन पाठवू नये” असा नियम ठरला, तर कूपन कोणाला मिळणार हे खाते क्रमांकावर ठरते, आणि अहवाल वाचणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

दुसरा प्रचलित उपाय `duplicates='drop'` हा आहे. तो निदान समान मूल्यांना फोडत नाही, परंतु येथे त्याचा वेगळाच परिणाम होतो. दोनदा आलेली सीमा गळून पडली की पहिला भाग १ ते २ असा होतो, म्हणजे एकदाच आलेला आणि परत आलेला ग्राहक एकाच गटात पडतात. खरेद्यांच्या संख्येचा मध्यक २ असल्यामुळे या एका गटात निम्म्याहून अधिक ग्राहक जमा होतात. एकदा आलेला ग्राहक दुसऱ्यांदा येतो की नाही, हा या धंद्यातला सर्वांत मोलाचा भेद त्यात हरवतो.

आपल्या टेबलात असे घडले आहे का, हे एका ओळीत तपासता येते:

```python
pd.crosstab(rfm["Frequency"], rfm["F"]).head(6)
```

एकाच `Frequency` च्या ओळीत दोन स्तंभांमध्ये आकडे दिसले, तर समान वर्तनाला दोन स्कोअर दिले गेले आहेत. खात्री करून घ्यायची असल्यास स्कोअर देण्यापूर्वी टेबल `sample(frac=1)` ने पिसून पुन्हा चालवावे. ज्यांचा स्कोअर बदलेल, त्यांच्या स्कोअरला मुळात आधारच नव्हता. फ्रिक्वेन्सीसाठी सरळ मार्ग हाच की समान भागांचा आग्रह सोडावा आणि सीमा वर्तन पाहून हाताने ठरवाव्यात:

```python
edges = [0, 1, 2, 4, 9, float("inf")]
rfm["F"] = pd.cut(rfm["Frequency"], bins=edges,
                  labels=[1, 2, 3, 4, 5])
```

येथे पहिला गट एकदाच आलेल्यांचा, दुसरा नेमका दोनदा आलेल्यांचा, अशी प्रत्येक स्कोअरला सांगता येण्याजोगी व्याख्या मिळते. गट असमान होतात हे खरे, पण ग्राहक असमानच आहेत.

आउटलायरबद्दलचे विधान अर्धे खरे आहे, आणि म्हणूनच ते जास्त फसवे आहे. क्वांटाइलच्या सीमा एखाद्या प्रचंड रकमेने ओढल्या जात नाहीत, हे मान्य. सरासरीवर आधारलेल्या पद्धतींपेक्षा हा खरा लाभ आहे. परंतु सीमा शाबूत राहिली म्हणून त्या सीमेपलीकडे पडलेली नोंद खरी ठरत नाही. याच डेटासेटमधील ग्राहक १६४४६ पाहा. मे २०११ मध्ये त्याने २.९० पौंडांची किरकोळ खरेदी केली. त्यानंतर थेट ९ डिसेंबर २०११ रोजी, म्हणजे डेटाच्या शेवटच्या दिवशी, सकाळी सव्वानऊला त्याच्या नावावर कागदी पक्ष्यांच्या एका वस्तूचे ८०,९९५ नग १,६८,४६९.६० पौंडांना नोंदले गेले, आणि अवघ्या बारा मिनिटांनी तितक्याच नगांची रद्दनोंद झाली.

नेहमीच्या कोडमध्ये `C` ने सुरू होणारी रद्दनोंदीची इन्व्हॉइसे गाळली जातात आणि मूळ नोंद तशीच राहते. त्यामुळे या ग्राहकाची रीसेन्सी एक दिवस होते, खरेद्या दोन होतात आणि रक्कम १,६८,४७२.५० पौंड होते. रीसेन्सी ५, मॉनेटरी ५: दुकानातील सर्वांत मोलाच्या ग्राहकांत त्याची गणना होते. प्रत्यक्षात त्याने वर्षभरात २.९० पौंड खर्च केले आहेत आणि तो सहा महिन्यांहून अधिक काळ फिरकलेला नाही. एका चुकीच्या नोंदीने तिन्ही मोजमापे बिघडली, आणि क्वांटाइलने ती दुरुस्त तर केली नाहीच, उलट १ ते ५ च्या सभ्य आकड्यात झाकून टाकली. कच्च्या रकमेच्या आलेखावर हा ठिपका लगेच डोळ्यांत भरला असता. ५ हा आकडा मात्र इतर शेकडो जणांनाही मिळालेला असतो.

म्हणून स्कोअर देण्याआधी रद्दनोंदींचा हिशेब पुरा केला पाहिजे. रकमेसाठी `C` च्या ओळी वजा चिन्हासह बेरजेत ठेवाव्यात. रीसेन्सी आणि फ्रिक्वेन्सीसाठी तोच ग्राहक, तीच वस्तू आणि तितकेच उलट नग अशी आधीची नोंद शोधून जोडीच काढावी. सगळे परतावे असे जुळत नाहीत. काही अंशतः केलेले असतात, तर काहींची मूळ खरेदी १ डिसेंबर २०१० पूर्वीची असल्यामुळे ती डेटात सापडतच नाही. काही ग्राहकांच्या नावावर तर या काळात केवळ परतावेच आहेत. अशांना स्कोअर न देता वेगळे ठेवणे प्रामाणिकपणाचे.

मॉनेटरीच्या वरच्या टोकाला आणखी एक गोष्ट घडते. या विक्रेत्याचे बरेच ग्राहक घाऊक व्यापारी आहेत. सर्वांत वरच्या पंचमांशाची सुरुवात सुमारे दोन हजार पौंडांपासून होते, आणि नेदरलँड्समधील ग्राहक १४६४६ ने २,८०,२०६ पौंडांची खरेदी केली आहे. दोघांनाही ५. ज्याच्यासाठी स्वतंत्र माणूस नेमणे परवडेल आणि ज्याला एक ईमेल पुरे, त्यांना एकाच गटात टाकणारा स्कोअर त्या निर्णयासाठी निरुपयोगी आहे. घाऊक खरेदीदार आधी वेगळे काढून मगच किरकोळ ग्राहकांना क्वांटाइल लावावे.

बेरजेबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. रीसेन्सी ५, फ्रिक्वेन्सी १, मॉनेटरी १ म्हणजे कालच पहिल्यांदा आलेला छोटा ग्राहक. १, १, ५ म्हणजे वर्षापूर्वी मोठी खरेदी करून नाहीसा झालेला ग्राहक. दोघांची बेरीज ७. पहिल्याचे स्वागत करायचे असते आणि दुसऱ्याला परत आणायचे असते. शिवाय जो वारंवार येतो त्याचा एकूण खर्चही सहसा जास्त असतो, त्यामुळे बेरजेत एकच गुण दोनदा मोजला जातो. तीन आकडे तीनच ठेवावेत.

राहिला दर महिन्याचा प्रश्न. क्वांटाइलने दिलेला स्कोअर ग्राहकाचे वर्तन सांगत नाही, इतरांच्या तुलनेतील त्याचे स्थान सांगतो. धंदा निम्म्यावर आला तरी रीसेन्सी ५ असलेले ग्राहक साधारण एक पंचमांशच राहतील. या डेटासेटमध्ये डिसेंबर २०११ ची ती सीमा सुमारे दोन आठवड्यांवर येते, कारण भेटवस्तूंची विक्री शरद ऋतूत चढत जाऊन नोव्हेंबरमध्ये सर्वाधिक झालेली असते. वीस दिवसांपूर्वी येऊन गेलेल्याला त्या वेळी ४ मिळतात. मंद महिन्यात सीमा सरकली की त्याच वीस दिवसांना ५ मिळू शकतात. अहवालात तो “सुधारलेला ग्राहक” म्हणून दिसेल, आणि सुधारणा होईल ती केवळ इतर लोक न आल्यामुळे. ऋतुमान असलेल्या धंद्यात ही चूक दरवर्षी ठरलेल्या महिन्यांत होते. क्वांटाइल एकदाच, एका पूर्ण वर्षावर लावून सीमा दिवसांत आणि पौंडांत लिहून ठेवाव्यात आणि पुढे त्याच सीमा वापराव्यात. मग कोणत्या गटात किती माणसे आहेत हा आकडा हलू लागतो, आणि महिन्याच्या अहवालात पाहण्यासारखे तेच असते.

“सुटत चालला आहे” हा निष्कर्षही केवळ रीसेन्सीच्या स्कोअरवरून काढता येत नाही. दर तीन महिन्यांनी माल भरणारा व्यापारी ऐंशी दिवस न आल्यास काहीच बिघडलेले नसते. दर आठवड्याला येणारा ऐंशी दिवस न आल्यास बहुधा तो गेलेलाच असतो. ज्यांची चार-पाच इन्व्हॉइसे आहेत त्यांच्यासाठी दोन खरेद्यांमधील अंतराचा मध्यक काढून सध्याचे अंतर त्याच्याशी ताडता येते. एकदाच आलेल्यांबाबत मात्र अशी तुलना शक्य नाही.

हे सर्व केल्यावरही गट उपयोगी आहेत की नाहीत, हे त्यांच्या नावांवरून ठरत नाही. टपालाने माल विकणारे जुने विक्रेते आधी प्रत्येक गटातील थोड्याच लोकांना पत्र पाठवत, आणि एका पत्राचा खर्च भागिले एका विक्रीवरील नफा यापेक्षा प्रतिसादाचे प्रमाण जास्त आले तरच त्या गटातील उरलेल्यांना पाठवत. आपल्या हाती जुना डेटाच असेल, तर ९ सप्टेंबर २०११ पर्यंतच्या व्यवहारांवर स्कोअर काढावेत आणि पुढच्या तीन महिन्यांत प्रत्येक गटातील किती टक्के ग्राहक परत आले ते मोजावे. हे तीन महिने हंगामाचे असल्यामुळे टक्केवारी एकंदरीतच चढी येईल, म्हणून गटांची एकमेकांशी तुलना करावी, आकडा सुटा वाचू नये. शेजारच्या दोन स्कोअरच्या टक्केवारीत फरक दिसला नाही, तर ते दोन गट एकत्र करावेत.