बर्कलीचं झाड नाहीसं होत नाही

"जंगलात झाड पडलं आणि ऐकायला कुणीच नसेल, तर आवाज होतो का? हा प्रश्न बिशप बर्कलीने विचारला आणि स्वतःच 'नाही' असं उत्तर दिलं. त्याच्या मते तुम्ही पाठ फिरवलीत की झाड उरतच नाही, जग हा फक्त आपल्या मनाचा खेळ आहे. डॉ. जॉन्सनने दगडाला लाथ मारून त्याला कायमचं खोटं पाडलं. पण आता क्वांटम फिजिक्सने बर्कलीच बरोबर होता हे सिद्ध केलंय. आणि आपल्या शंकराचार्यांनी तर हेच कितीतरी शतकं आधी सांगून ठेवलंय!"

असा एक मजकूर सगळीकडे फिरतो. त्यातलं पडणारं झाड आयरिश तत्त्वज्ञ जॉर्ज बर्कलीच्या लिखाणात नाही. हा प्रश्न १८८३ साली अमेरिकेतल्या एका मासिकात छापलेला सापडतो, आणि तिथे जंगल नाही, माणूस नसलेलं बेट आहे. बर्कली वारला १७५३ साली, म्हणजे तेव्हा त्याला जाऊन १३० वर्षं झाली होती. त्याच्या पुस्तकांत झाडं आहेत, पण ती उभी आहेत. १७१० च्या 'प्रिन्सिपल्स'मध्ये बागेतली झाडं आहेत आणि १७१३ च्या 'थ्री डायलॉग्ज'मध्ये निर्जन जागी उभं असलेलं एक झाड. शिवाय हे लिहिताना तो बिशपही नव्हता. १७१० साली तो डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधला पंचविशीतला फेलो होता, बिशप झाला १७३४ साली.

आवाजाबद्दल मात्र तो बोललाय, आणि ते ऐकण्यासारखं आहे. 'डायलॉग्ज'मध्ये हायलस आणि फिलोनस असे दोघे बोलतात. हायलसला मनाबाहेरचं जडद्रव्य मान्य आहे, फिलोनस बर्कलीची बाजू मांडतो. हायलस म्हणतो, खरा आवाज म्हणजे हवेतलं कंपन, आपल्याला ऐकू येतो तो वेगळा. फिलोनस लगेच विचारतो, कंपन ही तर गती झाली, आणि गती कोणत्या इंद्रियाला कळते? डोळ्यांना आणि स्पर्शाला. मग खरे आवाज कदाचित दिसतील, हाताला जाणवतील, पण ऐकू कधीच येणार नाहीत! 'आवाज' या एका शब्दात कंपन आणि ऐकू येणं असे दोन अर्थ आहेत, हे कळलं की पडणाऱ्या झाडाचं कोडं बहुतेकांपुरतं सुटतं. बर्कलीपुरतं सुटत नाही, कारण त्याचा प्रश्न झाड आणि हवा यांच्याबद्दलच आहे. म्हणूनच त्याला झाड पाडायची गरज पडली नाही.

आता पाठ फिरवण्याबद्दल. हा आक्षेप टीकाकारांनी शोधून काढायच्या आधी बर्कलीनेच 'प्रिन्सिपल्स'च्या ४५व्या परिच्छेदात लिहून ठेवला आहे: मग बागेतली झाडं आणि दिवाणखान्यातल्या खुर्च्या कुणी बघत असेल तोवरच आहेत का? डोळे मिटले की सामान नष्ट, उघडले की पुन्हा निर्माण? आणि ४८व्या परिच्छेदात तो सांगतो की हा निष्कर्ष त्याच्या मतातून निघत नाही. 'जाणवल्याशिवाय असत नाही' याचा अर्थ 'मला जाणवल्याशिवाय असत नाही' असा होत नाही, आपण बघत नसताना दुसरं एखादं चैतन्य बघत असू शकतं. तरुणपणीच्या टिपणवहीत तर त्याने आणखी साधं लिहिलंय. असणं म्हणजे जाणवलं जाणं किंवा जाणणं, आणि पुढच्याच वाक्यात: घोडा तबेल्यात आहे, पुस्तकं अभ्यासिकेत आहेत, पूर्वीसारखीच. त्या सूत्राचा 'किंवा जाणणं' हा अर्धा भाग फिरत्या मजकुरात कायम गळतो. जाणणारं मन स्वतः कुणाला दिसत नाही, तरी ते आहे, असं बर्कली मानतो. 'जग आपल्या मनाचा खेळ' हे तर त्याने थेट नाकारलंय. मला हवं ते मी कल्पनेत आणू शकतो, पण भर दुपारी डोळे उघडल्यावर काय दिसावं हे माझ्या हातात नाही. जे माझ्या इच्छेला जुमानत नाही ते माझी निर्मिती असू शकत नाही, यावरूनच तो ईश्वराकडे जातो.

एक घरगुती प्रसंग घेऊन हे तपासून पाहू. गॅसवर दूध ठेवलं, दाराची बेल वाजली, तुम्ही पाच मिनिटं बाहेर बोलत राहिलात. घरात दुसरं कुणी नाही. परत येऊन बघता तर दूध उतू गेलेलं, ओट्यावर ओघळ आणि बर्नर विझलेला. मधल्या पाच मिनिटांत दूध नव्हतंच असं धरलं, तर ते जसं ठेवलं होतं तसंच सापडायला हवं होतं. ते तापलं, साय आली, फुगून वर आलं, असं काहीतरी घडल्याशिवाय हा ओघळ कळत नाही. झाडाचंही तेच. न बघितलेल्या वर्षांची वाढ खोडातल्या वलयांमध्ये सापडते.

बर्कलीकडे याची दोन उत्तरं आहेत आणि ती एकसारखी नाहीत. पहिलं उत्तर 'जर-तर'चं. तो टेबलाबद्दल म्हणतो, मी खोलीबाहेर असताना 'टेबल आहे' म्हणजे मी खोलीत असतो तर मला ते जाणवलं असतं. दुधाला लावून बघा: तुम्ही स्वयंपाकघरात असता तर साय येताना दिसली असती. छान, पण हे 'दिसलं असतं' कशामुळे खरं ठरतं? आपण सहज म्हणू, दूध तिथे होतं म्हणून. बर्कलीला तसं म्हणता येत नाही, कारण 'तिथे होतं' याचाच अर्थ तो या जर-तरने सांगतोय. पुढे १८६५ साली इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलने ईश्वराला वगळून हाच धागा पुढे नेला आणि जडद्रव्य म्हणजे संवेदनांची कायमची शक्यता असं म्हटलं. अडचण तीच राहिली. नुसती शक्यता बर्नर कसा विझवणार?

म्हणून बर्कलीला दुसरं उत्तर लागतं: ईश्वर सतत जाणतो. इथे त्याच्या टीकाकारांनी जिथे बोट ठेवायला हवं ती जागा आहे. दूध मला गरम जाणवतं ते त्वचेमुळे, पांढरं दिसतं ते डोळ्यांमुळे. ईश्वराला इंद्रियं नाहीत, आणि 'डायलॉग्ज'मध्ये बर्कली स्वतः सांगतो की ईश्वराला वेदना म्हणजे काय ते कळतं, पण तो वेदना भोगत नाही. मग मी पाहतो ते झाड आणि ईश्वराच्या ज्ञानातलं झाड एकच कसं? ते एकच नसेल, तर मी बाहेर गेल्यावर माझं झाड उरलं असं म्हणता येत नाही, त्याचा ईश्वराकडचा नमुना उरला एवढंच म्हणता येईल. मला बर्कलीच्या विचारातली ही सगळ्यांत अवघड जागा वाटते, आणि झाड गायब होतं असं त्याच्या तोंडी घातल्याने नेमकी तीच झाकली जाते.

दगडाची हकिकत खरी आहे. इंग्रज लेखक जॉन्सनचा चरित्रकार बॉस्वेल याने ती लिहून ठेवली आहे: ऑगस्ट १७६३, इंग्लंडमधलं हारविच बंदर, आणि जॉन्सनने मोठ्या दगडावर इतक्या जोराने पाय मारला की पाय मागे उसळला. पण बर्कलीला जाऊन तेव्हा १० वर्षं झाली होती, आणि दगडाचा टणकपणा त्याने कधी नाकारलाच नव्हता. डोळ्यांना दिसतं आणि हाताला लागतं ते खरोखर आहे, याबद्दल मला जराही शंका नाही, असं त्याने स्पष्ट लिहिलंय. त्याने नाकारलं ते जडद्रव्य. म्हणजे रंग, आकार, टणकपणा सगळं बाजूला काढल्यावर त्याखाली उरतो असं तत्त्वज्ञ म्हणत होते तो आधार, जो कुणालाच कधी जाणवत नाही. जॉन्सनच्या पायाला लागला तो टणकपणा, हा आधार नव्हे.

क्वांटमबद्दल थोडक्यात सांगतो. तिथल्या 'निरीक्षणा'त मोजमापाचं उपकरण कणाशी जोडलं जातं. ते उपकरण रात्रभर बंद खोलीत चालू राहिलं आणि नोंदी सकाळी वाचल्या, तरी नोंदी त्याच असतात. जाणिवेमुळे मोजमाप पुरं होतं असं मानणारे काही शास्त्रज्ञ होऊन गेले, पण ते एक अर्थनिर्णयन आहे, प्रयोगातून निघालेला निष्कर्ष नाही.

शंकराचार्यांचा मुद्दा मला सर्वांत जास्त खटकतो, कारण तो अगदी उलटा आहे. ब्रह्मसूत्रात दुसऱ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादात २८वं सूत्र आहे, 'नाभाव उपलब्धेः'. बाह्य वस्तू नाहीत असं म्हणता येत नाही, कारण त्या उपलब्ध होतात. यावरचं शांकरभाष्य विज्ञानवादी, म्हणजे फक्त ज्ञानच खरं मानणाऱ्या, बौद्धांविरुद्ध आहे, आणि बाह्य वस्तू नाकारण्यात बर्कली या बौद्धांच्या शेजारी बसतो, शंकराचार्यांच्या नव्हे. (ईश्वराच्या बाबतीत तो आणि बौद्ध पुन्हा दूर जातात, ते वेगळं.) जग अंतिमतः मिथ्या आहे हे आचार्य म्हणतातच, पण त्यासाठी त्यांना खांब आणि भिंत मनात कोंबायची गरज वाटत नाही. जागेपणीचं ज्ञान स्वप्नासारखं नाही, असं पुढच्याच सूत्रावर ते मांडतात.

गंमत अशी की त्यांचं हे भाष्य बर्कलीच्या सर्वांत आवडत्या युक्तिवादालाही लागू पडतं. त्या निर्जन जागेतल्या झाडाकडे परत जाऊ. फिलोनस हायलसला आव्हान देतो: कुणीही जाणत नसलेली वस्तू कल्पून दाखव, मी हरलो म्हणेन. हायलस म्हणतो, सोपं आहे, कुणी बघायला नाही अशा जागी उभं असलेलं झाड. फिलोनस म्हणतो, पण ते झाड तूच मनात आणलंयस की! मग ते न जाणलेलं कसं? हायलस लगेच माघार घेतो.

त्याने घ्यायला नको होती. माझं कल्पना करणं आत्ता, माझ्या मनात घडतंय. त्या कल्पनेत जे आहे त्यात बघणारा कुणी नाही. उद्या कुणाच्या ध्यानीमनी नसताना पाऊस येईल असं मी म्हणालो, तर माझ्या म्हणण्यामुळे तो पाऊस माझ्या ध्यानातला होईल, पण ज्या पावसाबद्दल मी बोलतोय त्याला माझं बोलणं लागत नाही. विज्ञानवाद्यांचा युक्तिवादही याच घाटाचा होता. वस्तू आणि तिचं ज्ञान नेहमी एकत्रच सापडतात, एकाशिवाय दुसरं पकडता येत नाही, म्हणून दोन्ही एकच. याला ते 'सहोपलंभनियम' म्हणत. आचार्यांचं उत्तर असं की हे एकत्र सापडणं दोन्ही एक असल्यामुळे नाही, एक साधन आणि दुसरं साध्य असल्यामुळे आहे. अंधारात घडा दिव्याशिवाय कधीच दिसत नाही, म्हणून कुणी घड्याला दिवा म्हणत नाही. आणि ते आणखी सांगतात की खांब किंवा भिंत बघताना 'मला माझं ज्ञान दिसतंय' असं कुणाला वाटत नाही, दिसतो तो खांब, दिसते ती भिंत. जाणण्याची क्रिया आणि जाणलेला विषय यांतला हाच फरक पुढे करून १९०३ साली इंग्रज तत्त्वज्ञ जी. ई. मूरने चिद्वादाचं, म्हणजे जग मनावर अवलंबून आहे या मताचं, खंडन केलं, आणि १९१२ साली बर्ट्रंड रसेलने बर्कलीची चूक दाखवली ती याच ठिकाणी.