निळ्या ज्योतीवर विश्वास ठेवून हातभट्टीची दारू पिऊ नका

"गावठी म्हणजे नुसता गूळ आणि पाणी, केमिकल काही नाही. पहिल्या धारेची सगळ्यात शुद्ध. काडी लावून बघा, निळी ज्योत आली तर बिनधास्त प्या. डोकं जड झालंच तर सकाळी त्याच बाटलीतले दोन घोट घ्या, उतरतं. खरी भेसळ बाटलीबंद दारूत असते, लेबल काय कोणीही छापतो."

हा मजकूर मामेभावाने आमच्या घरच्या ग्रुपवर टाकला आणि त्याखाली माझ्या पुतण्याने लिहिले, "रविवारी पानशेतला जाताना घेऊ या." तोपर्यंत असे मजकूर मी न वाचता पुसत असे. या वेळी ते जमले नाही, कारण यातल्या एका सल्ल्याने माणूस मरू शकतो.

आधी यात जे अर्धे खरे आहे ते मान्य करतो. गुळाचे किंवा मळीचे रसायन आंबवले, तर त्यात मिथेनॉल हे विषारी अल्कोहोल फारच थोडे तयार होते. फळांच्या गरात पेक्टिन असते आणि ते फुटून मिथेनॉल सुटते, म्हणून फळांच्या दारूत त्याचे प्रमाण थोडे अधिक असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ साली मिथेनॉल विषबाधेवर एक माहितीपत्रक काढले होते. त्यानुसार ऊर्ध्वपातित मद्यांत नैसर्गिकरीत्या साधारणपणे लिटरला १० ते २२० मिलिग्रॅम मिथेनॉल आढळते आणि त्याने विषबाधा होत नाही. मग माणसे कशाने मरतात? बाहेरून ओतलेल्या मिथेनॉलने. मिथेनॉल हे रंग, रसायने आणि प्लायवूडसाठी लागणारे चिकट पदार्थ बनवण्याच्या उद्योगातले द्रावक आहे. पिण्याच्या स्पिरिटवर उत्पादन शुल्क लागते, तसे त्यावर लागत नाही, म्हणून ते स्वस्त पडते. शिवाय वास आणि चव दारूसारखीच असते. रसायन आंबवून, भट्टी लावून धार काढण्यापेक्षा मिथेनॉलच्या एका कॅनमध्ये पाणी मिसळणे विक्रेत्याला सोपे जाते. जून २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणी भागात शंभराहून अधिक माणसे दगावली, ती अशाच मिथेनॉलयुक्त दारूने. जुलै २०२२ मध्ये गुजरातमध्ये बोटाद परिसरात आणि जून २०२४ मध्ये तमिळनाडूत कळ्ळकुरिची येथेही कारण मिथेनॉलच होते.

नैसर्गिक आणि बाहेरून ओतलेल्या मिथेनॉलच्या प्रमाणांतला फरक एका उदाहरणाने पाहू. साठ किलो वजनाच्या माणसाच्या शरीरात साधारण ३६ लिटर पाणी असते आणि मिथेनॉल त्या सगळ्यात पसरते. त्याने १८० मिलिलिटरच्या दोन क्वार्टर घेतल्या आणि त्यात लिटरला २२० मिलिग्रॅम मिथेनॉल असले, तरी एकूण सुमारे ८० मिलिग्रॅम पोटात जाईल. रक्तात त्याचे प्रमाण लिटरला दोन-सव्वादोन मिलिग्रॅमच भरेल. आता त्याच दोन क्वार्टरमध्ये दहा टक्के मिथेनॉल मिसळलेले आहे असे समजा. तेव्हा ३६ मिलिलिटर म्हणजे जवळजवळ २८ ग्रॅम मिथेनॉल पोटात जाईल आणि रक्तातले प्रमाण लिटरला पावणेआठशे मिलिग्रॅमच्या घरात पोहोचेल. त्याच माहितीपत्रकानुसार ५०० च्या वर गंभीर विषबाधा संभवते. हे गणित ढोबळ आहे; पण दहा टक्क्यांची भेसळ जिभेला कळत नाही, हे लक्षात घेतले की त्याचा अर्थ उमगेल.

काडी लावण्याची परीक्षा इथेच निरुपयोगी ठरते. मिथेनॉल आणि पिण्याचे इथेनॉल, दोन्ही निळ्या ज्योतीनेच जळतात. ज्योतीवरून एवढेच कळते की द्रवात अल्कोहोल भरपूर आहे. ते कोणते आहे हे कळत नाही. ते प्रयोगशाळेतच कळते. पहिल्या धारेचे म्हणाल, तर तिच्यात अल्कोहोलचा जोर सर्वाधिक असतो. जोर आणि शुद्धता या वेगळ्या गोष्टी आहेत. ती धार फेकून दिली की मिथेनॉल गेले, असेही काही जण सांगतात. मिथेनॉल ६५ अंशांच्या आसपास उकळते आणि इथेनॉल ७८ अंशांना, म्हणून हे पटते. पण पाण्याच्या मिश्रणात ती दोन्ही एकमेकांपासून सरळ सुटी होत नाहीत आणि साध्या भट्टीत मिथेनॉल शेवटपर्यंत थोडे-थोडे येत राहते. आणि जे धार काढून झाल्यावर कॅनमध्ये ओतले गेले, त्याचा तर धारेशी संबंधच नाही.

आता सकाळच्या दोन घोटांविषयी, कारण मला खरा राग या वाक्याचा आला. मिथेनॉल स्वतः लगेच फारसे काही करत नाही. यकृतात त्याचे आधी फॉर्माल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल होते. हे आम्ल पेशींची प्राणवायू वापरण्याची यंत्रणा बंद पाडते आणि डोळ्याच्या मज्जातंतूला त्याचा मोठा फटका बसतो. याला बहुधा बारा ते चोवीस तास लागतात. सोबत इथेनॉल प्यायले असेल तर त्याहूनही अधिक. म्हणून रात्री माणूस नेहमीसारखा झोपतो आणि नशा उतरल्यावर त्याची प्रकृती बिघडते. पोटात दुखते, उलट्या होतात, धाप लागते, डोळ्यांपुढे धुके किंवा पांढरा पडदा येतो. साधा हँगओव्हर दिवस चढेल तसा कमी होतो, हे मात्र वाढत जाते. इथेनॉलने मिथेनॉलचे विघटन रोखता येते हे खरे आहे आणि फोमेपिझोल हा उतारा उपलब्ध नसेल तर डॉक्टर ते औषध म्हणून देतातही. पण ते रक्तातले प्रमाण तपासत, मोजून आणि बहुधा डायलिसिसच्या जोडीने. त्याच बाटलीतला घोट म्हणजे त्याच विषाची भर आहे, आणि त्याने घटकाभर बरे वाटले तर रुग्णालयात जायला उशीर होतो. मग दृष्टी कायमची जाऊ शकते, जीवही जाऊ शकतो. अशी लक्षणे दिसताच १०८ क्रमांकावर फोन करा, उरलेली दारू बाटलीसकट रुग्णालयात न्या आणि सोबत पिणाऱ्या सर्वांना, त्यांना काही होत नसले तरी, तपासायला लावा.

लेबलाविषयीचे वाक्यही अर्धेच खरे आहे. परवानाधारक कारखान्यात स्तंभ-ऊर्ध्वपातनाने मिथेनॉल वेगळे काढतात आणि मालाच्या प्रत्येक बॅचची नोंद राहते, म्हणून ती दारू या बाबतीत सुरक्षित असते. धोका आहे तो रिकाम्या बाटलीत दुसरे काही भरून विकण्याचा. घ्यायचीच असेल तर एफएल-२ परवान्याच्या वाइन शॉपमधून घ्या. देशी दारूसाठी सीएल-३ परवान्याचे दुकान असते. ड्राय डेला ओळखीच्या माणसाने गुपचूप आणून दिलेली बाटली घेऊ नका. बाटलीवर उत्पादकाचे नाव, बॅच क्रमांक, महिना, एफएसएसएआयचा चौदा अंकी परवाना क्रमांक, कमाल किंमत, फक्त महाराष्ट्रात विक्रीसाठी असल्याचा उल्लेख आणि अल्कोहोलची टक्केवारी असते. इथल्या व्हिस्की-रमवर ती सहसा ४२.८ टक्के असते. पण छापील मजकुरापेक्षा झाकण अधिक बोलके असते. झाकण फिरवताना खालची कडी तुटल्याचे हाताला जाणवले पाहिजे. ती आधीच सुटलेली असेल, झाकण नुसते गरगर फिरत असेल, बाटली उलटी केल्यावर पाझरत असेल किंवा एकाच बॅचच्या दोन बाटल्यांतली पातळी वेगळी दिसत असेल, तर ती बाटली न उघडता दुकानात परत करा. आणि आपली रिकामी बाटली भंगारवाल्याला देण्यापूर्वी तिचे लेबल ओले करून खरवडून काढा.