८४ पानांचा एसआयपी रिपोर्ट, आणि त्यात स्वतःचं काम दीड पान

एमबीएच्या समर इंटर्नशिप प्रोजेक्टचे, म्हणजे एसआयपीचे रिपोर्ट तपासण्याचे दिवस आहेत. मी गाइड म्हणूनही रिपोर्ट वाचते आणि दुसऱ्या कॉलेजांत व्हायवाला एक्स्टर्नल म्हणूनही जाते. दोन्हीकडे एकच गोष्ट दिसते आणि तिचा मला मनापासून त्रास होतो. मुलं उन्हातान्हात दोन महिने कंपनीत राबतात, आणि रिपोर्टमध्ये ते राबणं सोडून बाकी सगळं असतं.

आधी विद्यापीठ काय मागतं ते सांगते, कारण बऱ्याच मुलांनी ते मुळातून वाचलेलंच नसतं. सीनियरचा रिपोर्ट हाच त्यांचा अभ्यासक्रम. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या एमबीएच्या २०१९ च्या अभ्यासक्रमात एसआयपी किमान आठ आठवड्यांचा आहे. रिपोर्टमध्ये काय हवं त्याची यादीच तिथे दिली आहे: संस्थेचं प्रमाणपत्र, कंपनीचं प्रमाणपत्र, कंपनी गाइडचा औपचारिक अभिप्राय, कार्यकारी सारांश, कंपनीची ओळख, हाती घेतलेल्या कामाची रूपरेषा, संशोधन पद्धती आणि विश्लेषण, तक्ते-आकृत्या, विद्यार्थी काय शिकला, कंपनीला त्याचा काय उपयोग झाला, आणि संदर्भ. संशोधन पद्धतीपुढे स्पष्ट लिहिलंय की हे फक्त संशोधनाच्या प्रकल्पांसाठी. एसआयपी हा संशोधन प्रकल्प असू शकतो किंवा कंपनीने दिलेलं प्रत्यक्ष काम असू शकतं, हेही तिथेच आहे.

माझं भांडण नेमकं या जागी आहे. अनेक कॉलेजांच्या फॉरमॅटमध्ये ते ‘फक्त’ गळून जातं. मग प्रत्येकाला संशोधन पद्धतीचं प्रकरण लागतं, त्यासाठी प्रश्नावली लागते, आणि प्रश्नावली आली की पाय चार्ट आलेच.

एका मुलाचं उदाहरण सांगते. नाव आणि कंपनी सांगत नाही. चाकणला पत्र्याचे सुटे भाग बनवणारी एक कंपनी, त्याला स्टोअर्समध्ये टाकलं होतं. पहिला मसुदा आला ८४ पानांचा. सुरुवातीची पानं ९, वाहन उद्योग आणि कंपनीची माहिती ३१, इन्व्हेंटरी मॅनेजमेंटची पुस्तकी थिअरी १४, संशोधन पद्धती आणि ५० कामगारांच्या प्रश्नावलीचं विश्लेषण १८, निष्कर्ष आणि सूचना ४, परिशिष्टं ८. ‘स्टोअरच्या व्यवस्थापनाबद्दल आपण समाधानी आहात का?’ या प्रश्नाला एक पूर्ण पान आणि एक रंगीत पाय चार्ट. कंपनीच्या माहितीतली बरीच वाक्यं वेबसाइटवरून उचललेली होती, त्यात ‘आमची कंपनी’, ‘आम्ही’ तसंच राहिलं होतं.

मी त्याला समोर बसवून विचारलं, तू रोज सकाळी गेल्यावर काय करत होतास? तो म्हणाला, ‘मॅम, मी माल मोजत होतो.’ आणि मग तो अर्धा तास थांबलाच नाही.

त्याला ४१२ आयटम दिले होते. कॉम्प्युटरमधला साठा आणि रॅकवरचा साठा जुळतो का ते पाहायचं. ३७ आयटम जुळले नाहीत. तिथे न थांबता त्याने प्रत्येकाचं कारण शोधलं होतं. १९ आयटमच्या बाबतीत दुसऱ्या पाळीत माल दिल्याच्या स्लिपा दुसऱ्या दिवशी दुपारी कॉम्प्युटरवर चढत होत्या. सकाळी मोजलं की फरक दिसायचा आणि एन्ट्री झाल्यावर पुन्हा ताडून पाहिलं की तो नाहीसा व्हायचा, म्हणून ते कळलं. ७ आयटमना दोन-दोन कोड होते. एका कोडवर जेवढा माल कमी, बरोबर तेवढाच दुसऱ्यावर जास्त.

उरलेले ११ सगळ्यात छान होते. पत्र्याची शीट खरेदीत किलोवर येते आणि शॉप फ्लोअरवर नगावर दिली जाते. १.६ मिमी जाडीची, १२५० बाय २५०० मिमीची शीट हिशोबाने ३९.२५ किलोची भरते. सिस्टीममध्ये कुणीतरी कधीतरी सोपं म्हणून ४० टाकलं होतं. म्हणजे दर शीटमागे पाऊण किलोचा फरक. शंभर शीट दिल्या की ७५ किलो, जवळजवळ दोन शीटचा घोळ, आणि एकही शीट कुठे गेलेली नाही.

यातलं ८४ पानांत किती होतं? दीड पान. ‘दैनंदिन कामकाज’ या मथळ्याखाली. कारण फॉरमॅटमध्ये याला प्रकरणच नव्हतं.

त्याचा रिपोर्ट आम्ही पुन्हा बांधला. कंपनीची ओळख सहा पानांत आणली, आणि त्यात मालकांचा जीवनप्रवास काढून स्टोअरला माल कुठून येतो, कुठे जातो, नोंद कोण करतो एवढंच ठेवलं. थिअरी दोन पानं, तीही जिथे लागली तिथे. प्रश्नावली काढून टाकली, कारण माल का जुळत नाही याचं उत्तर कामगारांच्या समाधानात नव्हतं. मधे कामाचं मोठं प्रकरण घेतलं: काय सांगितलं होतं, कसं मोजलं, काय सापडलं, कारण कसं ओळखलं. ३७ आयटमचा तक्ता पूर्ण दिला. पुढे छोटं प्रकरण, कंपनीने यातलं काय स्वीकारलं त्याचं. पाळी संपण्याआधी स्लिपांची एन्ट्री करायचं ठरलं, शीटचं वजन दुरुस्त झालं, दुहेरी कोडचं काम तो निघेपर्यंत झालं नव्हतं. ते झालं नाही, हेही लिहिलं. एकूण पानं झाली ५२.

त्याची सगळ्यात मोठी भीती होती, ‘मॅम, पानं कमी पडतील.’ ही भीती मुलांना आपणच घातली आहे. एआयसीटीईच्या इंटर्नशिप धोरणात रिपोर्ट कशावर तपासायचा ते दिलं आहे: अस्सलपणा, लेखन पुरेसं आणि हेतूला धरून आहे का, मांडणी आणि भाषा, अनुभवाची विविधता, आणि शिकवलेल्या तत्त्वांशी त्याचं नातं. पानांची संख्या त्यात कुठेच नाही. कॉलेजने किमान पानं ठरवून दिली असतील तर ती पाळा, पण भर कामाच्या प्रकरणात घाला. एक्स्टर्नल म्हणून माझ्या हातात रिपोर्ट दहा-पंधरा मिनिटं असतो. मी सारांश वाचते, प्रमाणपत्रं पाहते आणि थेट कामाचं प्रकरण उघडते. बाकीचे परीक्षक फार वेगळं करत असतील असं मला वाटत नाही.

आता प्रमाणपत्रांबद्दल, कारण ऐन वेळी रडारड होते ती इथेच.

तीन कागद वेगळे आहेत आणि मुलं ते एकमेकांत मिसळतात. कंपनीचं प्रमाणपत्र म्हणजे काम पूर्ण झाल्याचं पत्र. जॉइन होताना मिळालेलं ऑफर लेटर त्याच्या जागी चालत नाही, त्यात फक्त येण्याची परवानगी असते. कंपनीचं प्रमाणपत्र लेटरहेडवर हवं, त्यात मार्कशीटवर आहे तसंच पूर्ण नाव, सुरुवातीची आणि शेवटची तारीख, विभाग, कामाचा विषय, सही करणाऱ्याचं नाव-हुद्दा आणि शिक्का. दुसरं संस्थेचं प्रमाणपत्र. त्यावर फॅकल्टी गाइड प्रमाणित करतात आणि संचालक मान्यता देतात. तिसरं विद्यार्थ्याचं प्रतिज्ञापत्र: हे काम माझं आहे, दुसरीकडे सादर केलेलं नाही. त्यावर सही तुमची, म्हणून ते वाचून सही करा. वेबसाइटवरची ३१ पानं जोडून खाली ‘हे माझं स्वतःचं काम आहे’ असं लिहिणं बरोबर नाही, मग कुणी पकडो वा न पकडो.

आभाराचं पान प्रमाणपत्रांत मोजत नाहीत. ते एका पानात संपवा.

हे कागद एकमेकांशी बोलले पाहिजेत. त्याच मुलाच्या बाबतीत काय झालं होतं पाहा. तो ३ जून २०२४ ते २७ जुलै २०२४ कंपनीत होता. सोमवार ते शनिवार, आठ आठवडे नीट भरतात. पण पत्रावर तारीख होती १९ जुलै आणि मजकूर होता ‘यशस्वीरीत्या पूर्ण केले आहे’. एचआरच्या बाईंनी सुट्टीवर जाण्याआधी चांगल्या मनाने आधीच देऊन टाकलं होतं. परीक्षकाच्या दृष्टीने मात्र १९ तारखेला सही करणाऱ्याने २७ तारखेपर्यंतच्या कामाची खात्री दिली. हे चालत नाही, आणि परीक्षकाने आठ आठवडे पूर्ण झालेच नाहीत असं म्हटलं तर मुलाकडे उत्तर नसतं.

विषयाचाही घोळ असाच होतो. सुरू करण्याआधी गाइड आणि संचालकांची लेखी मान्यता घ्यावी लागते, तेव्हा मुलं सीनियरचा एखादा विषय टाकून देतात. कंपनीत गेल्यावर काम वेगळंच मिळतं. मग मुखपृष्ठावर एक विषय, कंपनीच्या पत्रावर दुसरा, आत तिसरंच. काम बदललं हे कळलं की त्याच आठवड्यात गाइडला सांगून बदललेल्या विषयाची लेखी मान्यता घ्या, आणि तोच मथळा अक्षरशः कंपनीच्या पत्रात येऊ द्या.

आणि डायरी. ती रोज लिहायची असते. एका रात्रीत बसून लिहिलेली डायरी ओळखू येते: एकच पेन, एकच शाई, कंपनीची सुट्टी असलेल्या रविवारीही ‘आज स्टोअरमध्ये निरीक्षण केले’. या मुलाची डायरी खरी होती. चुरगळलेली, मधेच आयटम कोड आणि वजाबाक्या. कामाचं अख्खं प्रकरण आम्ही त्या डायरीवरून उभं केलं. शीटच्या वजनाचा हिशोब तिच्यातच पेन्सिलीने केलेला होता.

कंपनी आकडे छापू देत नाही अशी तक्रार काही जण करतात, आणि ती खरी असते. रुपयांच्या जागी टक्के द्या, पुरवठादारांना ‘अ’, ‘ब’ म्हणा, आणि हे बदल केले आहेत असं कामाच्या प्रकरणात एका वाक्यात नोंदवा. त्यासाठी कामच गाळायची गरज नाही.

माझ्या सहकाऱ्यांना विनंती आहे की कॉलेजचा फॉरमॅट काढून एकदा अभ्यासक्रमाशी ताडून पाहा. संशोधन पद्धतीच्या प्रकरणापुढे ‘फक्त संशोधन प्रकल्पांसाठी’ हे शब्द परत घाला आणि प्रत्यक्ष कामासाठी वेगळा आराखडा द्या. रिपोर्ट पाठपोट छापायला विद्यापीठच सांगतं, तेव्हा जाडीवरून शेरे मारणंही थांबवू या.

आणि मुलांनो, कंपनीचं पत्र अजून हातात नसेल किंवा तारखा चुकल्या असतील तर आजच मेल करा. मेलमध्ये पूर्ण नाव, दोन्ही तारखा, विभाग आणि मंजूर विषय नीट लिहून द्या. एचआर बहुतेक वेळा तेच उतरवून घेतं.