टीव्हीत नाइट मोड ‘ऑन’, आणि घर तरी हादरतंयच!

टीव्ही कंपन्यांनो, मेनूत ठळक अक्षरांत Night Mode लिहिता, समोर On दाखवता, आणि आवाजात तसूभर फरक पडत नाही! ही लोकांची चक्क फसवणूक आहे. पैसे मोजून घेतलेल्या वस्तूबद्दल मी गप्प बसणार नाही.

आमचं घर मालवणात. पावसाळ्यात पडवीच्या पत्र्यावर रात्रभर सर कोसळत असते आणि टीव्हीच्या खोलीला लागून, मध्ये फक्त फळ्यांची भिंत, तिथे पोरगा झोपलेला असतो. परवा पडद्यावर पोलीस आणि खबऱ्या कुजबुजत होते. एक शब्द कळेना म्हणून आवाज 12 वरून 24 वर नेला. तेवढ्यात जीप उडाली. फळ्या थरथरल्या, आतून आई ओरडली, “आवाज कमी कर रे मेल्या, पोरगो उठतलो!” आणि पोरगा उठलाच. तेव्हाही नाइट मोड चालूच होता.

सगळे म्हणतात, हल्लीचे सिनेमेच असे. मला ते पटत नाही. नेटफ्लिक्सचा नियम उघड आहे: संवादांची सरासरी पातळी -27 च्या आसपास, आणि आवाजाचं शिखर -2 डेसिबलच्या वर जाता कामा नये. म्हणजे बोलणं आणि धमाका यांच्यात 25 डेसिबलपर्यंत अंतर राहू शकतं. शांत खोलीत, चांगल्या स्पीकरवर ते अंतर हवंच, त्यातच मजा आहे. पण पत्र्याखाली बसलेल्या माणसाचं काय? पावसाचा आवाज खालून वर चढतो, झोपलेलं मूल वरून मर्यादा घालतं, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत सगळा सिनेमा बसवायचा असतो. त्यात पाऊस नेमका स, श, च, त, क हीच अक्षरं गिळतो. ती अक्षरं ओळखू येतात ती वरच्या पट्टीतल्या बारीक आवाजामुळे, आणि पत्र्यावरचा पाऊस त्या पट्टीतही भरलेला असतो. आवाज वाढवला की बोलण्याबरोबर धमाक्याचा खर्जही वाढतो, आणि खर्जाला फळ्या काय अडवणार!

यासाठीच तर नाइट मोड असतो. मोठा आवाज दाबायचा, बारीक आवाज उचलायचा. डॉल्बीच्या आवाजात तर कुठे किती दाबायचं याच्या सूचना आवाजासोबतच येतात, डीकोडरने त्या पाळायच्या एवढंच. डायलॉग एन्हान्समेंटचं काम वेगळं: 5.1 मध्ये, म्हणजे सहा चॅनेलच्या आवाजात, बहुतेक संवाद मधल्या चॅनेलवर असतात, तो उचलायचा किंवा बोलण्याची पट्टी पुढे आणायची. दोन्ही गोष्टी जुन्या आहेत, चालतात.

मग आमच्याकडे का चालेना? कारण टीव्हीला साउंडबार जोडलाय आणि डिजिटल आउटपुट Pass Through वर आहे. टीव्ही आवाज उघडतच नाही, बंद पाकीट जसंच्या तसं साउंडबारकडे ढकलतो. टीव्हीतला नाइट मोड त्या पाकिटाला हात लावूच शकत नाही. मग पडद्यावर On कशाला दाखवता? निदान तो पर्याय करडा करा! एक ओळ लिहा, “हे साउंडबारवर लावा”. एवढंही जमत नाही?

ओळखायचं कसं, तर टीव्हीतला मोड चालू-बंद करून त्याच धमाक्याचा प्रसंग पुन्हा लावा. फरक नसेल आणि साउंडबारवर Dolby असं दिसत असेल, तर हाच घोळ. साउंडबारच्या रिमोटवर नाइटचं बटण असेल तर तेच वापरा. आधी ते दाबा, मग कुजबुज कळेपर्यंत आवाज वाढवा. सबवूफर वेगळा कमी करता येत असेल तर तोही करा, फळ्यांतून सगळ्यात जास्त तोच जातो. बटणच नसेल तर टीव्हीचं आउटपुट PCM करा. आता टीव्ही आवाज स्वतः उघडतो, आणि बऱ्याच टीव्हींवर त्याच्या सेटिंग्ज लागू होतात. पण एआरसीवरून, म्हणजे टीव्हीचा आवाज साउंडबारकडे नेणाऱ्या एचडीएमआय जोडणीवरून, PCM दोनच चॅनेल नेतं, मधला चॅनेल डाव्या-उजव्यात मिसळून जातो, त्यामुळे संवाद वेगळे काढणं अवघड होतं. डायलॉगची पातळी फार चढवली की ‘स’ सापासारखा फुसफुसायला लागतो. मधल्या पायरीवर थांबा.

आणि हे सगळं मी खपून बसवल्यावर टीव्हीने रात्रीत अपडेट घेतला आणि आउटपुट पुन्हा Pass Through वर! कोणाला विचारून? माझ्या घरातली सेटिंग बदलायचा अधिकार तुम्हाला दिला कोणी? कंपनीच्या हेल्पलाइनवरचा मुलगा म्हणतो, “सर, टीव्ही रीसेट करून बघा.” अरे, रीसेट झाल्यामुळेच तर फोन केलाय!